मदत हवी आहे: २३ ऑडिट पॉइंट, बोर्डासमोर २० मिनिटं, क्रम कसा लावू?

टाचणी

मंडळी, मी अंतर्गत ऑडिट विभागात आहे. जुनी बिलिंग सिस्टीम बंद करून नवी आणायचा प्रकल्प चालू आहे, त्याचं ऑडिट आम्ही दोघांनी सात आठवडे केलं. गो-लाइव्ह सहा आठवड्यांवर आलंय आणि पुढच्या बुधवारी मॅनेजमेंट बोर्डासमोर मांडायचंय. मी आजवर रिपोर्ट लिहिले आहेत, पण बोर्डासमोर उभी पहिल्यांदाच राहणार.

पॉइंट निघाले २३. आमच्याकडची पद्धत अशी: परिणामाला १ ते ५, शक्यतेला १ ते ५, दोन्हींचा गुणाकार, १५ किंवा जास्त आला की 'हाय'. असे ९ हाय झाले. बॉस म्हणतात, "नऊ लाल चौकोन दाखवलेस तर सगळा वेळ पहिल्या दोनांवर जाईल, आणि ते दोन चुकीचे असतील."

नमुन्यादाखल चार देते. चेंज रिक्वेस्ट एकूण २१२, आम्ही ३० तपासल्या, त्यातल्या ७ मंजुरीशिवाय अमलात आल्या, गुण २०. मूळ वेळापत्रक तीनदा सरकवलं तरी स्टेटस रिपोर्ट कायम हिरवाच, गुण १६. प्रकल्पाची कागदपत्रं जुन्या आवृत्तीची, गुण १५. आणि रोलबॅकची तालीम झालेलीच नाही, म्हणजे गो-लाइव्ह फसलं तर जुन्या सिस्टीमवर परत येण्याची. परिणाम ५, शक्यता २, गुण १०, म्हणून ती 'मीडियम'मध्ये बाराव्या नंबरला.

प्रश्न दोन. क्रम असाच ठेवू का? आणि पुरावा किती दाखवू? प्रोजेक्ट मॅनेजर आत्ताच म्हणतायत की तुमचं सॅम्पल तुटपुंजं आहे.

हिशेबी

बोर्डाला आकडा लागतो, गोष्ट नाही. ३० पैकी ७ म्हणजे २३ टक्के. २१२ ला लावा: जवळजवळ ४९ बदल विनामंजुरी. पहिल्या स्लाइडवर ४९ मोठ्या अक्षरात टाका, सॅम्पलबद्दल कोणी तोंड उघडणार नाही.

ताळेबंद_मित्र

आधी हे सांगा, सही करणारे ऑडिटर कोण? विषय गंभीर असेल तर मत क्वालिफाइड करावं लागेल आणि ते आधी ऑडिट कमिटीकडे जाईल. बोर्डाला पत्र वेगळं द्यावं लागतं.

टाचणी

@ताळेबंद_मित्र, हे आर्थिक ऑडिट नाही हो. प्रकल्प नीट चालवला जातोय का, एवढंच आम्ही बघितलं. मत वगैरे द्यायचं नाहीये.

जुनी फाइल

ताई, उत्तर देण्याआधी दोन गोष्टी विचारतो. त्या ३० रिक्वेस्ट कशा निवडल्या? आणि तालीम झाली नाही हे तुम्हाला कसं कळलं? घडलेल्या गोष्टीचा कागद सापडतो, न घडलेल्या गोष्टीचा कुठून आणणार?

टाचणी

३० निवडल्या त्या सर्वांत जास्त तासांच्या, मोठ्यातल्या मोठ्या.

तालमीचं असं झालं. प्लॅनमध्ये त्या ओळीपुढे '१०० टक्के पूर्ण' लिहिलंय. आम्ही तालमीची नोंद मागितली तर मीटिंगचं टिपण आलं, त्यात एकच वाक्य: "रोलबॅकवर चर्चा झाली." मग टेस्ट सर्व्हरचा लॉग बघितला. प्लॅनमधल्या त्या पंधरवड्यात एकदाही रिस्टोर चाललेलं नाही. सर्व्हर सांभाळणारा म्हणाला, तेव्हा तो सर्व्हर ट्रेनिंगला दिला होता. बुकिंगच्या नोंदीतही तसंच आहे.

जुनी फाइल

मग तुमचा सर्वांत भक्कम पॉइंट बाराव्या नंबरला बसलाय. एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन जागा, लॉग, बुकिंग आणि सर्व्हरवाल्याचं तोंडी सांगणं, एकच गोष्ट बोलतायत. आणि त्याविरुद्ध आहे ती फक्त एक टिक.

@हिशेबी यांचा ४९ मात्र अजिबात दाखवू नका. मोठ्या रिक्वेस्ट वेचून काढल्या आहेत, त्यावरून उरलेल्या १८२ लहानांबद्दल काहीच म्हणता येत नाही. चिठ्ठ्या टाकून ३० काढल्या असत्या तरी ३० मधल्या ७ वरून खरं प्रमाण ढोबळमानाने १० ते ४० टक्क्यांमध्ये कुठेही असू शकतं. बोर्डात एखादा जरी आकडेवाला असला तरी तो ४९ तिथल्या तिथे मोडीत काढेल, आणि त्याबरोबर तुमचे उरलेले २२ पॉइंटही जातील. "सर्वांत मोठ्या ३० बदलांपैकी ७ ना मंजुरी नव्हती" एवढं खरं आहे आणि पुरेसं बोचरंही आहे.

आता क्रम. गांभीर्य वेगळं आणि पुराव्याचा भक्कमपणा वेगळा, या दोन गोष्टी एका गुणात कालवू नका. गांभीर्यावर क्रम लावा आणि पुरावा किती पक्का ते शेजारी शब्दांत लिहा: 'नोंदीतून पडताळलं', 'फक्त मुलाखतीतून कळलं', असं. एखादा पॉइंट गंभीर आहे पण पुरावा कच्चा आहे, तर तो खाली ढकलायचा नाही. तसा आहे असं सांगून वरच ठेवायचा.

तुमच्या गुणाकारात दुसरीही गोम आहे. शक्यता २ दिलीत ती कशाची? बहुधा गो-लाइव्ह फसण्याची. पण फसल्यावर परत येता येईल का, हा पॉइंट त्याबद्दल आहे. नव्या सिस्टीममधून बिलं एकदा बाहेर गेली की मागे फिरणं दर तासाला अवघड होत जातं. कागदपत्रं जुनी असणं शंभर टक्के खरं आहे, म्हणून शक्यता ५ मिळाली आणि पॉइंट हाय झाला. ती गो-लाइव्हनंतर महिन्याने सुधारली तरी काय बिघडतं? बोर्डाच्या हातात सध्या एकच निर्णय आहे, तारीख. म्हणून आधी दोन ढीग करा: गो-लाइव्हआधी सुटलंच पाहिजे ते, आणि नंतर चालेल ते. क्रम त्या ढिगांच्या आत लावा.

पद्धत मोडतेय अशी भीती नको. जानेवारी २०२५ पासून लागू झालेली जागतिक अंतर्गत ऑडिट मानकंसुद्धा महत्त्वानुसार क्रम लावा म्हणतात, पण तो कसा लावायचा हे विभागप्रमुखावर सोडतात. तुमचे बॉस तयार आहेतच.

गॅन्टवाला

मी टेबलाच्या पलीकडचा. माझ्या प्रकल्पाचं ऑडिट झालं तेव्हा पॉइंट मला पहिल्यांदा दिसले ते बोर्डाच्या पडद्यावर. त्यात एक तारीख चुकीची होती. मी ती धरून बसलो आणि सगळा वेळ तिच्यावरच गेला. बाकीचे पॉइंट खरे होते, आज कबूल करतो, पण त्या दिवशी कोणी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ड्राफ्ट आधी प्रोजेक्ट मॅनेजरला द्या आणि वस्तुस्थितीत चूक असेल तर लेखी मागा.

टाचणी

काल दिला! आणि बरं झालं. ते म्हणतात, सातपैकी तिघांना मेलवर मंजुरी होती.

जुनी फाइल

मेल स्वतः बघा. मंजुरी कोणी दिली आणि मेलची तारीख काम सुरू व्हायच्या आधीची आहे का, एवढंच.

टाचणी

बघितले. दोन मेल आधीचे आहेत. तिसरा काम संपल्यावर चार दिवसांनी आलाय, म्हणून तो धरला नाही. आता ३० पैकी ५. यादी परत चाळताना दिसलं की त्या पाचांतली एक रिक्वेस्ट बिलाच्या राउंडिंगचा नियम बदलणारी आहे. ती प्रत्येक बिलाला लागू होते. आधी माझं लक्ष 'सात' या आकड्यावरच होतं.

जुनी फाइल

तीच वर घ्या. बाकी चार परिशिष्टात गेल्या तरी चालतील.

हिशेबी

४९ मागे घेतो. निवड कशी केली ते विचारायला हवं होतं. पण पहिल्या पानावर आकडा हवा, यावर मी ठाम आहे.

टाचणी

आता शिफारशी. रोलबॅकपुढे मी लिहिलंय, "रोलबॅकची तालीम लवकरात लवकर करण्यात यावी."

जुनी फाइल

यावर उद्या '१०० टक्के पूर्ण' अशी टिक येईल, मागच्यासारखीच. टिक लागली कशी, ते आधी लिहा. तुम्ही सांगितलंत त्यावरून दिसतंय की काम करणारा स्वतःच 'पूर्ण' लिहितो आणि ते दुसरं कोणी बघत नाही. स्टेटस रिपोर्ट हिरवा राहिला तोही त्यामुळेच असेल. २३ पॉइंट या नजरेने परत वाचा, बरेचसे एकाच मुळाशी येतील.

मी लिहिलं असतं ते असं:

"स्थिती: रोलबॅकची तालीम प्लॅनमध्ये पूर्ण दाखवली आहे, प्रत्यक्षात झालेली नाही. पुरावा: सर्व्हर लॉग, बुकिंग नोंद, मुलाखत. परिणाम: नवी सिस्टीम फसल्यास जुनीवर परत येता येईल का आणि किती तासांत, हे आज कोणालाही माहीत नाही. कारण: काम पूर्ण झाल्याची नोंद करणारा ते स्वतःच ठरवतो. शिफारस: गो-लाइव्हआधी पूर्ण डेटावर रिस्टोर करून लागलेले तास नोंदवावेत आणि मागे फिरायचा निर्णय कोण, किती वाजेपर्यंत घेणार ते ठरवावं. यापुढे पुरावा जोडल्याशिवाय आणि टेस्ट लीडने पाहिल्याशिवाय कोणतंही काम पूर्ण दाखवू नये. पॉइंट बंद कधी: रिस्टोरचा लॉग मिळाल्यावर, आणि बिलांची संख्या व एकूण रक्कम दोन्ही बाजूंना जुळल्यावर."

जबाबदार कोण आणि तारीख कोणती, या दोन ओळी मॅनेजमेंटला भरू द्या. आपण भरलेली तारीख ते पाळत नाहीत, असा माझा अनुभव.

गॅन्टवाला

सरळ "गो-लाइव्ह पुढे ढकला" असं का नाही लिहायचं? बोर्ड तेच विचारणार.

जुनी फाइल

तो निर्णय त्यांचा. आज आपण तारीख ठरवली तर उद्या त्याच तारखेचं ऑडिट आपण कसं करायचं? "तालीम यशस्वी झाल्याशिवाय सुरू करू नये" इथपर्यंतच जावं.

गॅन्टवाला

शब्द फिरवलेत, अर्थ तोच राहिला. सहा आठवड्यांत पूर्ण डेटावर तालीम बसवून दाखवा कोणीतरी. मला अजून पटलं नाही.

टाचणी

सगळं पुन्हा मांडलं. २३ चे ६ गट झाले. गो-लाइव्हआधी सुटलेच पाहिजेत असे ३: रोलबॅक, राउंडिंगचा विनामंजुरी बदल, आणि स्वतःच स्वतःला टिक देण्याची पद्धत. पहिल्या पानावर फक्त हे तीन. @हिशेबी, आकडाही आहे: "३० पैकी ५". कागदपत्रांचा पॉइंट आता 'नंतर चालेल' मध्ये. लॉगची प्रत छापून सोबत नेणार, पडद्यावर टाकणार नाही.

एक अडलंय. प्रोजेक्ट मॅनेजरना राउंडिंगचं गांभीर्य मान्य नाही. त्यांचं म्हणणं, फरक पैशांत आहे, रुपयांत नाही. त्यांची असहमती पहिल्या पानावर घेऊ की परिशिष्टात?

गॅन्टवाला

पहिल्या पानावर, त्यांच्याच शब्दांत. नाहीतर ते तिथे उभे राहून बोलतील.

जुनी फाइल

इथे मी गॅन्टवाल्यांबरोबर. पण त्याआधी एक करून बघा. जुन्या सिस्टीममधली गेल्या महिन्याची बिलं नव्या नियमाने चालवा आणि एकूण फरक किती येतो ते काढा. पैशांतला फरक किती बिलांवर पसरतो, ते तुम्हालाही अजून माहीत नाही.

टाचणी

सोमवारी टेस्ट सर्व्हर मिळतोय का बघते. पुन्हा ट्रेनिंगला दिला नसेल तर.