रौप्यमहोत्सवासाठी साउंड: भाड्याने की विकत?

सोसायटीकर: सोसायटीचा रौप्यमहोत्सव आहे, सलग 2 दिवस. साउंडवाला ऑपरेटरसकट 3,500 रुपये रोज मागतो, टेम्पोचे 800 वेगळे. तसाच सेट (2 स्पीकर, स्टँड, मिक्सर, 2 कॉर्डलेस माइक, वायरी) नवा 42,000 ला पडतो. काही सभासद म्हणतात, विकतच घ्या. काय करावं?

हिशेबी: घ्या! भाडं 7,800 होतं. 42,000 ला 7,800 ने भागा, साडेपाचही येत नाही. सहाव्या कार्यक्रमापर्यंत पैसे वसूल. गणपती, कोजागिरी, 26 जानेवारी धरलं तर दोन वर्षांत सहा होतात.

ध्वनिवेडा: भाड्यात ऑपरेटर येतो, तो तुम्ही धरलाच नाही. सेट आपला असला तरी माणूस लागणार, 1,500 रोजाने दोन दिवसांचे 3,000. म्हणजे एका कार्यक्रमामागे वाचतात फक्त 4,800, आणि वसुली नवव्या कार्यक्रमाला. तेही सगळे दोन दिवसांचे असतील तर. 26 जानेवारी एका सकाळीत आटोपतो. तिथे 4,300 भाड्यातून माणसाचे 1,500 वजा जाता 2,800 वाचतात. तसे पंधरा कार्यक्रम हवेत.

खुर्चीवाले काका: आम्ही 100 प्लास्टिक खुर्च्या विकत घेतल्या, कधीच वसूल झाल्या. भाडं म्हणजे पैसे पाण्यात.

ध्वनिवेडा: काका, खुर्चीला ऑपरेटर लागत नाही आणि ती वर्षभर रचून ठेवली तरी बिघडत नाही. कॉर्डलेस माइकमध्ये सेल तसेच राहिले तर गळतात आणि आतले संपर्क गंजतात. ते कळतं कार्यक्रमाच्या सकाळी, आणि घरच्या सेटला बदली माइक नसतो.

हिशेबी: बरं, पण कार्यक्रमानंतर विकून टाकला तर? 25,000 तरी येतील.

ध्वनिवेडा: मग तूट 17,000, वसुली चौथ्या कार्यक्रमाला. पण प्रश्न एकाच कार्यक्रमाचा आहे. त्यात भाड्याशी बरोबरी व्हायला 42,000 वजा 4,800, म्हणजे वापरलेल्या सेटचे 37,200 यावे लागतील. एवढे कोण देणार? आधी दोन दुकानांत जुन्याचा भाव विचारा, मगच ठरवा.

गच्चीवरची: भाड्यातही फसगत होते. सेट आदल्या संध्याकाळी आणला तर काही जण तिसरा दिवस लावतात. आणायची-न्यायची वेळ, जादा माइक, डिपॉझिट, वायर तुटली तर किती कापणार, सगळं चिठ्ठीवर लिहून घ्या. आणि लग्नसराईत तारीख असेल तर आत्ताच बुक करा.

हिशेबी: सोसायटीतल्याच मुलांनी मिक्सर सांभाळला तर 3,000 वाचतात, आणि माझाच आकडा खरा ठरतो.

ध्वनिवेडा: ठरतो, पण एका कार्यक्रमासाठी तरीही नाही. शिवाय बोलणारा माइक घेऊन स्पीकरसमोर आला की शिट्टी वाजते. तेव्हा कुठला आवाज कमी करायचा, हे त्या मुलांना आधी येतं का?

सोसायटीकर: दोघं म्हणतात येतं. रविवारी गच्चीवर भाड्याच्या मिक्सरवर बघतो.