रिकामी खोली जास्त घुमते

"लेकाला भडक रंग, गोंगाट सोसत नाही म्हणून भिंती फिक्या रंगवल्या, पोस्टरं काढली, तरी तो खोलीत कान झाकूनच बसतो."

रंगाचं ठीकच केलंत, पण सामान काढलं की खोली घुमायला लागते. फरशी, उघड्या भिंती, लोखंडी कपाट, सगळ्यांवरून आवाज परततो. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा; मागे झणझणाट रेंगाळला तर गोम तिथेच आहे. आम्ही सतरंजी अंथरली, समोरासमोरच्या भिंतींपैकी एकीवर आजीची जाड गोधडी टांगली (ठिगळांची बाजू आत, नाहीतर पोरगा तीच मोजत बसायचा) आणि खुर्चीच्या पायांना चिरलेले टेनिस बॉल बसवले. आठवड्याभरात कानांवरचे हात खाली आले, निदान दुपारी तरी. मिक्सरपुढे मात्र गोधडीचं काही चालत नाही. तो आवाज दाराच्या फटीतून येतो, तिथे फोमची पट्टीच लावावी लागली.