तालीम तिसऱ्या आठवड्यातच हवी

> "मॉडेल चौथ्या आठवड्यात पूर्ण करून प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी तालीम घेतली तर चालेल ना?"

पाणी गाळायच्या मॉडेलला नाही चालणार. पहिल्या आठवड्यात वाळू, खडी आणि क्रॉफर्ड मार्केटच्या फिश टँकवाल्यांकडून दाणेदार कोळसा आणा. दुसऱ्या आठवड्यात एवढंच तपासा: वाळू-कोळसा धुतलेलं पाणी शेवटी नितळ येतंय का? न धुता भरलं, तर ओतलेल्यापेक्षा काळपट पाणी खाली येतं आणि मुलं बिचारी हिरमुसतात. तिसऱ्या आठवड्यात बाटलीत वाळू, खडी, कोळशाचे थर भरून वरून गढूळ पाणी ओततच राहा. वरची वाळू गाळाने बुजली की धार थेंबांवर येते. हे तेव्हाच दिसलं, तर प्रदर्शनाआधी वरची दोन बोटं वाळू बदलता येते. आणि ते पाणी कुणाला पिऊ देऊ नका, जंतू त्यातच राहतात.