बॉन्ड, नॉन-कॉम्पीट आणि हुकलेली जॉइनिंग डेट : तुमचे अनुभव

सुगरणीचा_खोपा
काल रात्री भाच्याचा फोन. "मामी, ऑफर आली. बॉन्डचे आठ महिने बाकी आहेत, नव्या एचआरला सांगू की नको?" आणि मला २०११ आठवलं.

पुण्यात पहिली नोकरी. दोन वर्षांचा बॉन्ड, दीड लाख रुपये. चौदा महिन्यांनी दुसरीकडून ऑफर आली, १ ऑगस्टची जॉइनिंग. ऑफर लेटरमध्ये "माझ्यावर आधीच्या मालकाचं कोणतंही बंधन नाही" अशी ओळ होती. वाचली आणि सही ठोकली! राजीनामा दिला, नोटीस पूर्ण केली. शेवटच्या दिवशी कळलं की पैसे भरल्याशिवाय रिलिव्हिंग लेटर नाही. १ तारखेला डबा घेऊन नव्या ऑफिसात गेले, त्यांनी लेटर मागितलं, डबा घेऊन परत. बाबांनी एफडी मोडायची तयारी केली होती.

शेवटी जुन्या एचआरला लेखी विनंती केली की चोवीसपैकी दहाच महिने राहिलेत, तेवढ्याचेच घ्या. बरीच घासाघीस झाली, पण ६२,५०० वर मिटलं. लेटर मिळायला तीन आठवडे. नवीन ठिकाणची बाई म्हणाली, "अहो, आधी बोलला असतात तर सप्टेंबर लिहिला असता, आम्हाला काय!"

तुमचं काय झालं, लिहा.

बाळू_चाकणकर
बॉन्ड बिंड कायद्यात टिकतच नाही. करार कायद्याचं कलम २७. खुशाल सोडा, कोणी कोर्टात जात नाही.

मधुमालती
आमच्या लेकीलाही एमबीबीएसनंतर एक वर्षाचा बॉन्ड आहे, गावी पोस्टिंग. तिथे कोणाला विचारायचं?

सुगरणीचा_खोपा
मधुताई, तो सरकारी बॉन्ड, वेगळा विषय. कॉलेजच्या ऑफिसातच विचारा.

निवृत्त_एचआर
बाळूभाऊ, अर्धं बरोबर. कलम २७ नोकरी सोडल्यानंतरच्या बंदीला लागतं, म्हणजे "दोन वर्षं स्पर्धकाकडे जायचं नाही" वगैरे. ते सहसा टिकत नाही. मुदतीआधी सोडलं तर पैसे भरा, हा वेगळा करार. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बॉन्ड वैध धरला. त्यात सरकारी बँकेला नव्याने भरती करावी लागते, त्याचा खर्च येतो, हे धरलं होतं. त्यामुळे प्रत्येक खासगी कंपनीचा कागद तितकाच भक्कम ठरेल असं नाही. कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, कोर्ट वाजवी तेवढीच देतं. खोपाताईंचा दहा महिन्यांचा हिशोब म्हणूनच चालला.

आणि करार चालू असताना स्पर्धकाकडे गेलात तर तिसरीच गोष्ट. आपल्या कल्याणच्या रेयॉन कारखान्यातला माणूस पाच वर्षांच्या करारात मध्येच कोट्याला गेला होता, १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला.

भाच्याला सांगा: तोंडी होकार आला की सही करण्याआधी ईमेल. त्यात बॉन्ड कधी संपतो, रक्कम किती, नोटीस किती दिवस. दोन तारखा द्यायच्या : सुटका लवकर झाली तर ही, अडली तर ही. अख्खा करार पाठवू नका, त्यात गोपनीयतेची अट असू शकते, तेवढं कलम उतरवून पाठवा. 'बंधन नाही' ही ओळ असेल तर अपवाद लिहून घ्या. आणि राजीनामा सुधारित तारीख लेखी आल्यावरच.

पाटलाचा_पोर
आमच्याकडे नव्या कंपनीनेच पैसे भरले. नंतर कळलं, एका वर्षात सोडलं तर परत द्यायचे. म्हणजे बॉन्डमधून निघून बॉन्डमध्ये 😂

निवृत्त_एचआर
शिवाय ती रक्कम पगारात धरून कर कापतात बऱ्याचदा. आधी विचारायचं.

रानजाई
माझं नॉन-कॉम्पीट होतं, पंपांच्या विक्रीत. मुलाखतीतच सांगितलं. त्यांनी वकिलाला दाखवायला दहा दिवस घेतले, तारीख तेवढी पुढे गेली. पहिले सहा महिने जुन्या ग्राहकांना फोन करायचा नाही म्हणून मला व्हॉल्व्ह दिले विकायला. मला व्हॉल्व्हमधलं ओ की ठो कळत नव्हतं!

बाळू_चाकणकर
माझ्या चुलतभावाचं मूळ डिग्री सर्टिफिकेट कंपनीने ठेवून घेतलंय. त्याचं काय? तो तर म्हणतो नवीन जागी काही बोलणारच नाही.

निवृत्त_एचआर
नवीन ठिकाणी पडताळणीत मूळ कागद मागतातच, तेव्हा काय दाखवणार? आधी लेखी मागू द्या, तारीख टाकून. पुढे नोटीस वकिलाकडून. पण किती दिवस लागतील ते मी सांगू शकत नाही, म्हणून तरी तारीख आधी बोलायची.

मधुमालती
खोपाताई, त्या दिवशी डब्यात काय होतं?

सुगरणीचा_खोपा
मेथीचे ठेपले! बागेत बसून एकटीने खाल्ले. भाच्याने आत्ताच ईमेल पाठवलाय, उत्तर आलं की लिहिते.