‘स्टीमिंग’ला मराठीत काय म्हणावं? (जिवाणूंचे बीजाणू रंगवण्याच्या संदर्भात)

शुद्धलेखनी
पदवीच्या पहिल्या वर्षासाठी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकांची पुस्तिका मराठीत करते आहे. बीजाणू रंगवण्याच्या पद्धतीपाशी अडले. काचपट्टीवरच्या लेपावर मॅलाकाइट ग्रीन ओतायचं, पाच मिनिटं ‘स्टीम’ करायचं, पाण्याने धुवायचं आणि मग सफ्रानिन. मी ‘वाफवा’ लिहिलं होतं. तपासणाऱ्या बाईंनी खोडून ‘उकळा’ केलं. मला ‘उकळा’ पटत नाही, पण का पटत नाही ते सांगता येत नाहीये. मुळात इथे वाफ कशासाठी आहे हे कळलं तर शब्द सापडेल असं वाटतं.

बारामात्रा
‘वाफवणे’ हाच शब्द. उकडीचे मोदक आपण उकळत नाही, वाफेवर ठेवतो; पाणी खाली, पदार्थ वर. जाता जाता आणखी एक सुचवतो. मॅलाकाइट हे तांब्याचं हिरवं खनिज, तेव्हा रंगाला ‘ताम्रहरित’ म्हणा. आणि सफ्रानिन हे केशरापासूनचं, त्याला ‘केशरी’. विद्यार्थ्यांना लगेच पटेल.

काचपट्टी
बारामात्रा, मॅलाकाइट खनिजात तांबं असतं हे बरोबर, पण या रंगात तांबं औषधालाही नाही. पूर्णपणे कृत्रिम सेंद्रिय रंग आहे. नाव मिळालं ते खनिजाच्या हिरवेपणावरून. सफ्रानिनचंही तसंच. नावात केशर आहे, बाटलीत नाही. ‘ताम्रहरित’ लिहिलंत तर पोरं परीक्षेत त्यात तांबं घालतील. दोन्ही नावं जशीच्या तशी राहू द्या.

आता मूळ प्रश्न. मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं हे प्रात्यक्षिक घेतलं. ‘उकळा’ चूकच आहे, कारण काचपट्टीवरचा रंग उकळला तर उडतो, कडेने सुकतो आणि लेपावर हिरवे स्फटिक चिकटून बसतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसतं त्याला बीजाणू समजून मुलं आनंदाने चित्र काढतात. पण ‘वाफवा’ही पुरतं बरोबर नाही. शेफर आणि फुल्टन यांनी १९३३ मध्ये ही पद्धत मांडली तेव्हा रंग ओतलेली काचपट्टी ज्योतीवर धरून, रंगातून वाफ येईपर्यंत तापवायची असं होतं. म्हणजे वाफ रंगातून निघायची. हल्ली बहुतेक ठिकाणी उकळत्या पाण्याच्या बीकरवर जाळी ठेवून तिच्यावर काचपट्टी ठेवतात. इथे वाफ खालून लागते. इंग्रजीत दोन्हीला एकच क्रियापद, आणि तुमचा घोळ तिथून सुरू होतो.

धिंगरीवाला
आमचा धिंगरी अळंबीचा व्यवसाय आहे. भाताचा पेंढा आम्ही वाफेवरच निर्जंतुक करतो, नाहीतर बुरशीचे बीजाणू राहतात. इथेही वाफ त्यासाठीच असणार. बीजाणू मारून मग रंगवायचे. तर सरळ ‘वाफेने निर्जंतुक करा’ लिहा की.

काचपट्टी
नाही हो. दोन गोष्टी वेगळ्या. तुमच्या पेंढ्यावरचे बुरशीचे बीजाणू आणि बॅसिलस, क्लॉस्ट्रिडियम यांसारख्या जिवाणूंच्या आत तयार होणारे बीजाणू यांचं नावच तेवढं सारखं. बुरशी बीजाणूंनी वाढते. जिवाणूचा बीजाणू हा पुनरुत्पादनासाठी नसतो. एका पेशीत एकच होतो आणि तो वाईट दिवस काढण्यासाठी असतो. दुसरं म्हणजे हे बीजाणू काचपट्टीवरच्या पाच मिनिटांच्या वाफेला दाद देत नाहीत. त्यांना मारायला ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखाली १२१ अंश सेल्सियसला पंधरा मिनिटं ठेवावं लागतं. वाफ इथे मारण्यासाठी नाहीच, रंग आत जावा म्हणून आहे.

धिंगरीवाला
मग रंग आपोआप का जात नाही? बाकीच्या जंतूंत जातो ना?

काचपट्टी
हा खरा प्रश्न. साध्या पेशीवर कुठलाही रंग ओता, अर्ध्या-एक मिनिटात ती रंगते. बीजाणूच्या बाहेर प्रथिनांचं थरांवर थर असलेलं कवच असतं, त्याखाली जाड आवरण, त्याखाली अशी पटलं की जी लहान रेणूंनाही सहज वाट देत नाहीत. आतल्या गाभ्यात पाणी फार कमी, आणि कॅल्शियम व डायपिकोलिनिक आम्ल भरलेलं. म्हणून ग्रॅमच्या रंगात बीजाणू रंगत नाही. रंगलेल्या दांड्यात मधेच एक लांबट कोरी जागा दिसते, जणू भोक.

उष्णतेने ही आवरणं रंगाला वाट देतात. रंगाच्या रेणूंची हालचालही वाढते. पाच टक्क्यांचं मॅलाकाइट ग्रीन त्या अवस्थेत आत शिरतं. काचपट्टी निवली की वाट पुन्हा आवळते, आणि आत गेलेला रंग पाण्याने निघत नाही. साध्या पेशीतही हिरवा रंग गेलेला असतोच, पण तो तिथे फार घट्ट धरलेला नसतो. नुसत्या पाण्याने निघतो. ग्रॅमसाठी अल्कोहोल लागतं, आम्लरोधी जिवाणूंसाठी आम्ल-अल्कोहोल लागतं. इथे रंग उतरवायला साधं पाणी पुरतं. मला या पद्धतीतली ही सगळ्यात देखणी गोष्ट वाटते. मग कोऱ्या झालेल्या पेशीला सफ्रानिन गुलाबी करतं, आणि आधीच हिरव्या झालेल्या बीजाणूत ते थंडपणी शिरू शकत नाही. सफ्रानिनला वाफ का देत नाहीत याचं उत्तरही त्यातच आहे.

बारामात्रा
म्हणजे वाफ म्हणजे किल्लीच झाली. तर ‘वाफेने कवच उघडा’ असं लिहिता येईल का?

काचपट्टी
लिहू नका. कवच उघडत नाही, वितळत नाही, फुटत तर नाहीच. आणि उष्णता हाच एकमेव मार्ग आहे असंही नाही. बार्थोलोम्यू आणि मिटवर यांनी १९५० मध्ये वाफेशिवायची पद्धत दिली: लेप ज्योतीतून नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त वेळा फिरवून घट्ट करायचा आणि मॅलाकाइट ग्रीनचं संपृक्त द्रावण दहा मिनिटं ठेवायचं. तिथेही उष्णता आहेच, फक्त रंगाच्या आधी.

परागकण
माझी वेगळीच अडचण आहे. बॅसिलस सबटिलिसची स्लाइड केली, सगळे दांडे गुलाबी, हिरवं नावालाही नाही. सरांनी सांगितलं वाफ कमी पडली. दुसऱ्या वेळी दुपटीहून जास्त वेळ वाफेवर ठेवली, रंग सुकू दिला नाही. तरी तेच. वाफ आणखी वाढवू का? का माझं मॅलाकाइट जुनं झालंय?

काचपट्टी
कल्चर किती वेळाचं होतं?

परागकण
रात्री ब्रॉथमध्ये टाकलं, सकाळी प्रात्यक्षिक.

काचपट्टी
मग वाफेला दोष देऊ नका. रात्रभरात, खाऊनपिऊन सुखी असलेल्या कल्चरमध्ये बीजाणू जवळजवळ झालेलेच नसतात. अन्न संपायला लागलं की पेशी बीजाणूकडे वळते. न्यूट्रिअंट अगारच्या तिरक्या नळीवर तीन-चार दिवस वाढू द्या. माध्यमात किंचित मँगनीज सल्फेट असेल तर बीजाणू चांगले होतात.

आणि वाफेचा दोष की कल्चरचा, हे ओळखायची सोपी युक्ती आहे. त्याच कल्चरची दुसरी काचपट्टी करून ग्रॅमचा रंग द्या. दांड्यांत कोऱ्या लांबट जागा दिसल्या, आणि मॅलाकाइटच्या काचपट्टीत हिरवं काही नाही, तर वाफ कमी पडली. ग्रॅममध्ये दांडे सलग भरलेले दिसले तर बीजाणूच नाहीत. तासभर वाफ दिलीत तरी हिरवं कुठून येणार?

शुद्धलेखनी
आणि उलट झालं तर? माझ्याकडच्या एका नमुना छायाचित्रात दांडेही हिरवट आहेत.

काचपट्टी
बहुतेक धुणं कमी झालंय, किंवा रंग लेपावर सुकलाय. सुकलेला रंग पाण्याने नीट उतरत नाही. म्हणून पाच मिनिटांत कड कोरडी पडायला लागली की थेंब थेंब रंग वरून घालायचा. लेपावर टिपकागदाचा तुकडा ठेवून त्यावर रंग घातला तर ओल टिकते. कागद लेपापेक्षा मोठा नको, नाहीतर रंग कडेने खाली गळतो. एक गोष्ट पुस्तिकेत नक्की घाला: गरम काचपट्टीवर लगेच नळाचं पाणी सोडू नका. तडकते. आधी निवू द्या, मग चिमट्याने कागद काढा, मग पाणी रंगहीन वाहेपर्यंत हलक्या धारेखाली धरा.

परागकण
आमच्याकडे टिपकागद वापरू देत नाहीत. कागदाचे तंतू स्लाइडवर राहतात आणि रंगतात म्हणे.

काचपट्टी
राहतात, खरं आहे. साधा वर्तमानपत्री कागद वापरला तर फारच. मी चांगला टिपकागद वापरायचे. पण रंग वरून घालत राहणारा हात शेजारी असेल तर कागदाशिवायही चालतं.

शुद्धलेखनी
हा मसुदा बघा:

‘लेपावर मॅलाकाइट ग्रीन ओता. काचपट्टी उकळत्या पाण्याच्या बीकरवरील जाळीवर पाच मिनिटे ठेवा. रंगातून वाफ येत राहिली पाहिजे, पण रंग उकळता किंवा सुकता कामा नये. लागेल तसा वरून घाला. काचपट्टी निवू द्या. पाणी रंगहीन वाहेपर्यंत धुवा. सफ्रानिन एक मिनिट ठेवा, धुवा, टिपून घ्या.’

एका शब्दाच्या जागी अख्खं वाक्य आलं, पण मला ते चालेल.

बारामात्रा
मला नाही चालत. पुस्तिकेत शीर्षकासाठी एक शब्द लागतोच. ‘वाफदान’?

धिंगरीवाला
वाफदान म्हणजे अत्तरदाणीची बहीण वाटते.

काचपट्टी
शीर्षकात ‘वाफेवर रंगवणे’ घाला. मसुदा ठीक आहे. फक्त बीकर नसलेल्या महाविद्यालयांत अजून ज्योतीवर धरतात, त्यांच्यासाठी एक ओळ हवी: ज्योत काचपट्टीखाली स्थिर धरायची नाही. वाफ दिसली की बाजूला, थांबली की पुन्हा.

परागकण
ज्योतीवर करताना पाच मिनिटं कधीपासून मोजायची? वाफ पहिल्यांदा दिसली तेव्हापासून, की ज्योत लावल्यापासून? आमच्याकडे दोन शिक्षकांची दोन उत्तरं आहेत.

काचपट्टी
मी वाफ दिसल्यापासून मोजायचे. पण माझ्या शेजारच्या टेबलावरचे सर ज्योतीपासून मोजायचे, आणि त्यांचेही बीजाणू हिरवेच यायचे.