चिन्हबदल म्हणजे नेमका कुठला बदल?

पाटीपेन्सिल: अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी मराठीत टिपणं लिहितेय. उदाहरण असं: तीन सारखी वजनं, त्यांच्यामध्ये सारख्या स्प्रिंगा, एक टोक भिंतीला, दुसरं मोकळं. मॅट्रिक्समधून समीकरण येतं ते हे:

x³ − 5x² + 6x − 1 = 0

परिमेय मूळ असलंच तर 1 किंवा −1 असणार. 1 ठेवलं तर 1 येतं, −1 ठेवलं तर −13. म्हणजे मूळ शोधायचं ते चिन्हबदल बघत, अंतराल निम्मं करत. मी ‘चिन्हबदल’ लिहिलं आणि एका मुलाने 0 ला −1, 2 ला −1 काढून ‘चिन्ह बदलत नाही, मूळ नाही’ असं ठोकून दिलं. शब्द चुकला की मुलगा?

शिवाय ‘लाक्षणिक समीकरण’ म्हणायचं जिवावर येतं. लाक्षणिक उपोषणच आठवतं.

घाईतला: सोपं आहे की. सहगुणकांची चिन्हं +, −, +, −. तीन चिन्हबदल, म्हणून तीन धन मुळं. मुलगा चुकला.

जुना_फळा: घाईतला, मुलगा चुकला हे खरं, पण तुमचं कारण अर्धंच आहे. सहगुणकांतले तीन बदल एवढंच सांगतात की धन मुळं तीन असतील किंवा एक. इथे तीनच आहेत, कारण मॅट्रिक्स सममित आहे, म्हणून सगळी मुळं वास्तव. x च्या जागी −x घातलं की चारही चिन्हं ऋण होतात, म्हणजे ऋण मूळ एकही नाही.

गोंधळ शब्दाचाच आहे. एक चिन्हबदल सहगुणकांतला, तो मुळं किती ते सांगतो. दुसरा किमतींतला, तो मुळं कुठे ते सांगतो. 0 पासून 4 पर्यंत किमती मांडा: −1, 1, −1, −1, 7. पहिलं मूळ 0 आणि 1 मध्ये, दुसरं 1 आणि 2 मध्ये, तिसरं 3 आणि 4 मध्ये. मुलाने 1 ओलांडून उडी मारली, म्हणून दोन मुळं त्याच्या उडीखाली राहिली. दोन टोकांना चिन्ह सारखं असलं तर मधे मूळ नसेल, किंवा दोन असतील.

मी पहिल्याला ‘सहगुणकांतले चिन्हबदल’ असं पूर्ण लिहितो आणि दुसऱ्याला ‘चिन्हपालट’. माझी सवय, पटेल तर घ्या.

वडाची_साल: ‘मुळांमुळे’ असा शब्द टिपणात आला तर माझा फोटो काढून पाठवा 😄 आणि द्विभाजन की दुभाजन? आमच्याकडे दुभाजक म्हणजे रस्त्याच्या मधला झाडं लावलेला कट्टा.

जुना_फळा: कोनदुभाजक शाळेत सगळ्यांनी काढलाय. दुभाजन चालेल. पण इथे दर वेळी अर्धा भाग टाकून देतो, तेव्हा ‘निम्मं करत जाणं’ मला जास्त खरं वाटतं.

कॅल्क्युलेटरवाले_काका: मी कालच बसून केलं. 1 ला +, 2 ला −. मधला 1.5, किंमत 0.125, म्हणजे मूळ उजवीकडे. 1.75 ला −0.453, डावीकडे. 1.625 ला −0.162, अजून डावीकडे. 1.5625 ला −0.017. जवळजवळ शून्यच! म्हणून दोन दशांश स्थळांपर्यंत 1.56 लिहून मोकळा झालो.

जुना_फळा: काका, तिथेच फसलात. किंमत शून्याजवळ आली म्हणजे मूळ तेवढंच जवळ आलं असं नाही. ते वक्राच्या उतारावर अवलंबून. चार वेळा निम्मं केल्यावर मूळ 1.5 आणि 1.5625 च्या मधे आहे, एवढंच तुमच्या हातात आहे. 1.555 ठेवून बघा: सुमारे −0.0001. अजूनही ऋण, म्हणजे मूळ 1.555 च्या केसभर डावीकडे. दोन स्थळांचं उत्तर 1.55. वाईट नशीब, मूळ नेमकं पूर्णांकनाच्या उंबरठ्यावर बसलंय. 1 रुंदीचं अंतराल दहा वेळा निम्मं केलं की रुंदी 1/1024 उरते, इथे तीही पुरणार नाही. अशा वेळी उंबरठ्याचीच किंमत काढून बघायची.

कॅल्क्युलेटरवाले_काका: बघितली. खरंच ऋण. बाकीची दोन 0.198 आणि 3.247 आली. तिघांची बेरीज 5 होते.

जुना_फळा: व्हायलाच हवी, x² चा सहगुणक −5 आहे ना. पण बेरीज तिसऱ्या स्थळापर्यंतच पारख करते, उंबरठ्याचा वाद ती मिटवत नाही.

घाईतला: घन समीकरणाचं सूत्र आहे की! एवढं निम्मं-निम्मं कशाला?

पाटीपेन्सिल: लावून बघितलं. तीनही मुळं वास्तव, परिमेय एकही नाही, अशा वेळी त्या सूत्रात संमिश्र संख्यांची घनमुळं येतात. मुलं पळून जातील. निम्मंच बरं. ‘चिन्हपालट’ घेतेय. ‘लाक्षणिक’चं काय करू?

वडाची_साल: ‘स्वभाव समीकरण’?

जुना_फळा: परीक्षकाला कळणार नाही. ‘लाक्षणिक’च ठेवा.

पाटीपेन्सिल: उपोषणासकट? बघते.