अनुभव धागा : लेसर प्रिंटरचा पंखा घोंघावतो, अंग तापते, कितपत स्वाभाविक?

धागाकर्ती, शिवाजीनगर : आमच्या टायपिंगच्या दुकानात न्यायालयीन कागदपत्रांची छपाई दिवसभर चालते. प्रिंटर लाकडी कपाटाच्या कप्प्यात आहे. मोठा संच छापताना पंखा जोरात घोंघावतो, काम संपल्यावरही काही मिनिटे चालूच राहतो, आणि हल्ली यंत्र मधेच थांबून पुन्हा सुरू होते. आपापले अनुभव लिहावेत.

कोथरूड : छपाई संपताच मी भिंतीवरचे बटण बंद करतो, यंत्राला विश्रांती मिळते. उन्हाळ्यात टेबलफॅनही त्याच्यावर रोखून ठेवतो.

दुरुस्तीवाला, नारायण पेठ : विश्रांतीचा हेतू योग्य आहे, पण बटण बंद केल्याने नेमका पंखाच थांबतो. टोनर कागदावर वितळवून बसवणारा फ्युझर सुमारे 180 ते 200 अंशांपर्यंत तापतो आणि ती उष्णता छपाईनंतरही आत राहते. म्हणून पंखा स्वतःहून थांबेपर्यंत वीज चालू ठेवावी. कागद बाहेर पडतो तिथे आणि मागच्या झाकणाशी हाताला चांगली जाणवेल इतकी उष्णता स्वाभाविकच आहे. मधले थांबणे मात्र बहुधा कप्प्यामुळे होत असावे, कारण बाहेर फेकलेली गरम हवा कोंडते आणि तीच पुन्हा आत ओढली जाते. टेबलफॅनचा झोत बाहेर येणाऱ्या हवेच्या विरुद्ध असला तर तोही अडथळाच ठरतो, आणि टोनरची धूळ उडते ती वेगळीच.

सिंहगड रस्ता : माझा शाईचा प्रिंटर कधीच तापत नाही, तरी सुरू करताना खडखडतो. तोही पंखाच का?

दुरुस्तीवाला, नारायण पेठ : नाही, ती शाईचे हेड सरकण्याची आणि साफ होण्याची हालचाल असते.

धागाकर्ती, शिवाजीनगर : यंत्र बाहेर टेबलावर काढले, जाळी असलेल्या बाजू भिंतीपासून वीतभर दूर ठेवल्या आणि जाळीवरचा धुळीचा थर यंत्र थंड असताना कोरड्या ब्रशने काढला. ए-फोरचे मोठे संच आता सलग निघतात. लिफाफे छापताना मात्र वेग अजूनही मंदावतो.

दुरुस्तीवाला, नारायण पेठ : त्याला हवा खेळती असूनही इलाज नाही. कागद जाताना रोलरची उष्णता सोबत नेतो. लिफाफा अरुंद असल्यामुळे रोलरची टोके उघडी राहून अधिक तापतात, म्हणून यंत्र मुद्दाम सावकाश चालते. जळकट वास आला, प्लास्टिक मऊ पडले किंवा फ्युझरची चूक पडद्यावर दिसली, तर ते स्वाभाविक समजू नये. वीज बंद करून यंत्र दाखवावे.

कोथरूड : बटणाचे पटले. परंतु पुण्यात मे महिन्यात खोलीच 38 अंशांवर जाते, तेव्हा वीतभर मोकळ्या जागेने कितीसा फरक पडणार?

दुरुस्तीवाला, नारायण पेठ : थोडाच. बहुतेक यंत्रांच्या पुस्तिकेत खोलीचे तापमान साधारण 32 अंशांपर्यंतच असावे असे म्हटलेले असते. मोठी कामे सकाळी उरकावीत, असे मी गिऱ्हाइकांना सांगतो.

धागाकर्ती, शिवाजीनगर : न्यायालयाची घाई नेमकी दुपारीच असते, तेव्हा त्याचे काय करावे हे अजून सुचलेले नाही.